थाळीत सुंगटं नाहीत, पण तेलात आहेत

गेल्या मे महिन्यातली दुपार. गोव्यात फोंड्याजवळ रस्त्याला लागून असलेल्या आमच्या खानावळीत कोल्हापूरकडचं एक कुटुंब जेवायला आलं. आई, वडील आणि नऊ-दहा वर्षांचा मुलगा. आईनं बसायच्या आधीच आमच्या वाढपी पोराला विचारलं, "दादा, याला कोळंबीची ॲलर्जी आहे. साधा बांगडा फ्राय दिला तर चालेल ना?" पोरानं चटकन सांगितलं, "चालेल की ताई. बांगडाच आहे तो, त्यात सुंगटं कशी असतील?"

पोरगा खोटं बोलला नव्हता. त्याला जे माहीत होतं तेच त्यानं सांगितलं, आणि तरीही उत्तर चुकीचं होतं. बांगड्याच्या मांसात सुंगटं, म्हणजे कोळंबी, नसतात, हे बरोबर. पण तो बांगडा ज्या रव्यात घोळवला जातो, ज्या तव्यावर आणि ज्या तेलात तळला जातो, त्या तिन्ही ठिकाणी त्या दिवशी सकाळपासून सुंगटं येऊन गेली होती. आईचा खरा प्रश्न "डिशमध्ये काय घातलंय" हा नव्हताच. "या डिशला काय काय लागलंय" हा होता. या दोन प्रश्नांतला फरक एकदा कळला की लहान खानावळीत ॲलर्जीबद्दल खरं उत्तर देणं जमू लागतं. म्हणून मी हा लेख एकाच थाळीवर आणि एकाच ॲलर्जीवर लिहितो आहे. गोव्याच्या मासळी-थाळीत सुंगटांची ॲलर्जी सांभाळणं सगळ्यांत अवघड आहे. ते जमलं तर बाकीच्या प्रश्नांची वाट याच रस्त्यानं जाते.

आधी शरीरात काय होतं ते समजून घेऊ. सुंगटांच्या मांसात ट्रोपोमायोसिन नावाचं एक प्रथिन असतं. बहुतेक लोकांना ते आपल्या इतर अन्नासारखंच पचतं. काहींच्या शरीराची संरक्षण यंत्रणा मात्र त्याला शत्रू समजून अंगावर धावून जाते, आणि त्या धावपळीतच अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, घसा आवळतो. हे प्रथिन उष्णतेनं मोडत नाही, आणि खानावळवाल्यानं लक्षात ठेवायची मुख्य गोष्ट हीच. उकळलं, भाजलं, कडकडीत तेलात तळलं तरी त्याची ॲलर्जी उठवण्याची ताकद बरीचशी तशीच राहते. उलट उकळताना ते पाण्यात उतरतं, वाफेबरोबरही थोडं वर जातं. काही माणसांना नुसत्या त्या वाफेनंसुद्धा त्रास होतो. "तळलंय ना, मग सगळं जळून गेलं" असं आपण सहज बोलतो. जंतूंच्या बाबतीत ते खरं असेल, या प्रथिनाच्या बाबतीत नाही.

कुर्ल्या आणि शेवंड यांतही हेच प्रथिन असतं, म्हणून सुंगटांची ॲलर्जी असलेल्या माणसाला बहुधा तेही चालत नाहीत. तिसऱ्या, खुबे, शिनाणे अशा शिंपल्यांत आणि माणक्यांतही त्याचंच भावंड सापडतं. तिथे कुणाला त्रास होतो, कुणाला होत नाही, आणि ते ठरवणं खानावळीचं काम नव्हे. बांगडा, इसवण, मोडसो अशा खऱ्या मासळीतलं ॲलर्जी उठवणारं प्रथिन मात्र वेगळं, त्याचं नाव पार्वाल्ब्युमिन. म्हणून सुंगटं न चालणारा माणूस मासे आरामात खाऊ शकतो, आणि मासे न चालणारा सुंगटं. कोल्हापूरच्या आईनं बांगडा मागितला तो समजूनच मागितला होता.

पण प्रत्येक गिऱ्हाईक इतकं नेमकं बोलत नाही. आपल्याकडे "मला कोळंबीचं वावडं आहे" असं म्हणतात, आणि हा शब्द फार मोठा आहे. न आवडण्यापासून पोट बिघडण्यापर्यंत आणि तिथून श्वास कोंडण्यापर्यंत सगळं त्यात मावतं. कुणी म्हणतं "खाल्लं की पित्त उठतं". ते ऐकून आपल्याला आंबटपित्त वाटतं, आणि सांगणाऱ्याला अंगावरच्या गांधी म्हणायच्या असतात. कुणी सोमवारी विचारतं, "यात नुस्तं नाही ना?" त्याला मासळी टाळून शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवायचं असतं, ॲलर्जी नसते. कुणी "मला मासळी चालत नाही" म्हणतं आणि बोलण्यातून कळतं की फक्त सुंगटं आणि कुर्ल्या चालत नाहीत. म्हणून पहिलं काम उत्तर देणं नाही, उलटा प्रश्न विचारणं. मी विचारतो, "नेमकं काय चालत नाही? खाल्लं की काय होतं? थोडंसं लागलं तरी होतं का?"

शेवटच्या प्रश्नाबाबत एक सावधगिरी. "थोडंसं चालतं, मागच्या वेळी नुसती खाज आली" असं कुणी सांगितलं, तर ते ऐकून आपण सैल व्हायचं नाही. मागच्या वेळी नुसती खाज आली म्हणून या वेळीही तेवढंच होईल याची खात्री डॉक्टरही देत नाहीत. एखाद्याला फक्त आवडत नसेल, तर बाजूला काढून दिलं तरी भागतं. ॲलर्जी आहे असं सांगितलं, की ती सौम्य की तीव्र हे आपण ठरवायचं नाही. सगळ्यांसाठी काळजी एकच. आणि "थोडं चाखून बघा, नाही झालं काही तर जेवा" हे वाक्य तोंडातून कधीही जाऊ द्यायचं नाही.

आता थाळीकडे येऊ. त्या दिवशी आमच्या थाळीत होतं शीत म्हणजे भात, बांगड्याचं हुमण म्हणजे आमटी, रवा लावून तळलेला बांगडा, किसमूर, भेंडीची सुकी भाजी, सोलकढी, पापड आणि लोणचं. नावं वाचली तर सुंगटं फक्त किसमुरीत. स्वयंपाकघरात उभं राहून पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं.

किसमूर म्हणजे भाजून चुरलेली सुकी सुंगटं, ओलं खोबरं, कांदा, मिरची, थोडी आंबटाई. ती डिश नावानिशी बाद होतेच, पण तिच्यामुळे इतर डिशनाही धोका आहे. सुकी सुंगटं भाजून हातानं चुरताना बारीक धूळ उडते. ती हाताला, ओट्याला, शेजारच्या उघड्या भांड्याला चिकटते. आमच्याकडे किसमूर सोलकढीच्या पातेल्याशेजारी चुरली जायची, कारण दोन्हींना लागणारं खोबरं तिथेच किसलेलं असायचं. वर्षानुवर्षं तसंच चालत होतं.

भेंडीच्या भाजीत त्या दिवशी काही नव्हतं. पण आमच्या वहिनी, ज्या सगळा स्वयंपाक पाहतात, भाजी फिकी वाटली की मूठभर गालमो टाकतात. गालमो म्हणजे बारीक सुकी सुंगटं. चव खुलते, खर्चही फार नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत ताजी मासळी कमी येते आणि सुक्याचा हात जास्त भाज्यांत फिरतो. म्हणजे एप्रिलमध्ये जी भाजी सुरक्षित होती ती जुलैमध्ये असेलच असं नाही, नाव मात्र तेच राहतं. वाढपी पोराला हे माहीत नसतं. मलाही सकाळी विचारल्याशिवाय माहीत नसतं.

बांगडा आणि रवा पाहू. आम्ही सकाळी एका परातीत रवा, तिखट, मीठ मिसळून ठेवायचो. बांगडा त्यात, माणकी त्यात, सुंगटंही त्यातच. उरलेला रवा संध्याकाळी चाळून परत डब्यात. कुणी वाया घालवत नाही म्हणून ही सवय चांगलीच समजली जायची. मोठ्या तव्यावर एका कडेला बांगडे आणि दुसऱ्या कडेला सुंगटं तळली जातात, तेल दोन्हीकडे फिरतं, एकच उलथनं. सुंगटांचे कण आणि त्यांचं प्रथिन त्या तेलात उतरतं, आणि मागाहून येणाऱ्या प्रत्येक बांगड्याला लागतं. तेल गाळून घेतलं तरी मोठे कण गाळले जातात, बारीक तसेच राहतात.

सगळ्यांच्या नजरेतून सुटतो तो पापड. पापड उडदाचा, वर लिहिलेले घटक स्वच्छ, त्यात मासळीचा संबंध नाही. पण तो तळला जातो त्याच कढईत, जिच्यात दुपारी गिऱ्हाइकाच्या खास मागणीवरून सुंगटं तळली होती. आमच्याकडे शिवराक थाळी घेणाऱ्यांनाही याच कढईतला पापड जायचा. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण खरं आहे ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

हुमणाचं वाटण मिक्सरमध्ये होतं. त्याच मिक्सरमध्ये सुंगटांच्या आमटीचं वाटण झालं आणि भांडं नुसतं विसळलं, तर पात्याखाली काही ना काही राहतंच. ढवळायचा डवला लाकडी किंवा करवंटीचा असेल तर त्याच्या चिरांतही राहतं. लोणचं कैरीचं असतं, पण सुंगटांच्या लोणच्याच्या बरणीतला चमचा कैरीच्या बरणीत गेला की झालं.

उरलं काय? शीत. तेही वेगळ्या टोपात शिजलेलं आणि वेगळ्या चमच्यानं वाढलेलं असेल तरच.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी एका बाईंनी मला विचारलं होतं, "भाजीत सुंगटं नाहीत ना?" मी गल्ल्यावर होतो, गर्दी होती. भाजीचं नाव आठवून मी "नाही, नाही" म्हणालो. वहिनींना विचारलं नाही. त्या दिवशी भाजीत गालमो होता. दहा मिनिटांत त्यांचे ओठ आणि डोळ्यांच्या पापण्या सुजल्या, आवाज घोगरा झाला. वेळेवर रुग्णालयात नेलं, त्या बऱ्या झाल्या. चूक पूर्णपणे माझी होती. त्यानंतर कितीही गर्दी असली तरी या प्रश्नाला गल्ल्यावरून उत्तर जात नाही.

खरं उत्तर तीनच प्रकारचं असतं, असं मी आता मानतो. पहिलं: "आहे." दुसरं: "नाही, आणि ते मी कशावरून सांगतो ते असं." तिसरं: "मला खात्री देता येत नाही, म्हणून खाऊ नका." चौथं एक उत्तर आपल्या जिभेवर सारखं येतं, "नाही हो, काही होणार नाही". त्यात माहिती काहीच नाही, नुसता दिलासा आहे. गिऱ्हाईक ते ऐकून जेवतं, कारण आपण खानावळवाले आहोत आणि आपल्याला माहीत असेल असं त्याला वाटतं.

दुसऱ्या प्रकारचं उत्तर द्यायचं तर त्यामागे कामही तसंच हवं. गोव्याच्या घरांत हे काम मुळीच नवं नाही. नैवेद्याचं जेवण वेगळं करताना आपण चूल, भांडी, हात सगळं वेगळं करतो, सोवळ्यात कुणी मध्येच शिरत नाही. ॲलर्जीचं जेवण तसंच सोवळ्यानं करायचं, फक्त इथे पाणी शिंपडून भागत नाही. प्रथिन चिकट असतं. ते जातं ते साबण, घासणं आणि वाहतं पाणी या तिन्हींनी मिळून. सॅनिटायझर लावून जंतू मरतात, प्रथिन हातावर तसंच राहतं. ओल्या फडक्यानं ओटा पुसला तर ते एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जातं, आणि फडकंही तेच सगळीकडे फिरत असतं.

लोखंडी तव्याची एक वेगळी अडचण आहे. असा तवा आपण साबणानं घासत नाही, त्याचा लेप जातो म्हणून नुसता पुसून ठेवतो. तेव्हा तो ॲलर्जीच्या जेवणासाठी कधीच वापरायचा नाही. आम्ही एक स्टीलचा पॅन, एक उलथनं, एक चमचा, एक लहान प्लास्टिकची कापायची पाटी आणि एक झाकण असा संच वेगळा ठेवला आहे. त्याला निळा दोरा बांधला आहे आणि तो ओट्यावर नाही, वरच्या फळीवर राहतो. लाकडी पाटी त्यात घेतली नाही, कारण लाकडाच्या चिरांतलं घासून निघेल याची खात्री नसते. तेल नव्या पिशवीतलं. रवा फोडलेल्या डब्यातला नाही, नव्या पुड्यातला. बांगडा सुंगटांच्या टोपलीत किंवा त्यांच्या बर्फाच्या पाण्यात पडलेला असेल तर तो घ्यायचाच नाही, कारण धुऊन किती निघालं हे दिसत नाही. बाजारात एकाच वाट्यात मिसळून आलेली मासळी यात बाद होते.

जेवण करणाऱ्यानं आधी हात साबणानं धुवायचे, एप्रन बदलायचा, आणि जमलं तर ते ताट सगळ्यात आधी करून झाकून ठेवायचं. वाढायला मी स्वतः जातो. वाढपी एका हातात तीन ताटं नेतो, त्यातल्या किसमुरीचा एक कण शेजारच्या ताटात उडायला वेळ लागत नाही.

हे सगळं गर्दीच्या वेळी जमत नाही. रविवारी दुपारी एक वाजता मला वेगळा पॅन, वेगळा माणूस, वेगळी जागा मिळत नाही. तेव्हा तिसरं उत्तर द्यायचं, आणि त्यात कमीपणा मानायचा नाही. मला ते सुरुवातीला जड गेलं, गिऱ्हाईक परत पाठवणं आपल्या रक्तात नाही. पण ॲलर्जी असलेली माणसं मला वारंवार सांगतात की त्यांना नकाराचा राग येत नाही, गुळमुळीत होकाराची भीती वाटते.

बाजारातून विकत आणलेल्या वस्तूंचंही बघावं लागतं. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबल नियमांनुसार पाकिटावर ॲलर्जीचे काही घटक जाहीर करावे लागतात: ग्लुटेन असलेली धान्यं, कवचाचे जलचर म्हणजे सुंगटं-कुर्ल्या, दूध, अंडी, मासळी, शेंगदाणे, काजू-बदामासारखी कवचाची फळं, सोयाबीन, आणि ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त असलेली सल्फाइटं. "कंटेन्स" लिहिलेलं असेल तर तो पदार्थ त्यात आहे. "मे कंटेन" असेल तर कारखान्यात संपर्क आला असू शकतो, आणि ॲलर्जीच्या जेवणात तेही घ्यायचं नाही. या यादीत तिसऱ्या-शिनाण्यांसारखे शिंपल्यातले जीव नाहीत, तीळ नाहीत, मोहरी नाही. म्हणून लेबलवर काही लिहिलेलं नाही म्हणजे ते नाहीच, असं होत नाही. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, हे गव्हाची ॲलर्जी असलेल्या गिऱ्हाइकाला सांगायला हवं. आपल्याला त्याची कल्पनाही नसते.

सुटा माल तर लेबलशिवायच येतो. मे महिन्यात पुरुमेताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी करताना मिरची, चिंच, सोलं आणि सुकी मासळी एकाच बाजारात, कधी शेजारशेजारच्या पाटांवर असतात. एकाच पिशवीतून आणलेलं असेल तर त्या मिरचीची खात्री मी कुणाला देत नाही.

मेनूवर किंवा मागितल्यावर ॲलर्जीची माहिती द्यायची सक्ती याच नियमांत आहे, पण ती केंद्रीय परवाना असलेल्या किंवा 10 अथवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्या उपाहारगृहांवर. आमच्यासारख्या एका दाराच्या खानावळीला ती लागू होत नाही. खोटं सांगून एखाद्याला अपाय झाला तर त्याची जबाबदारी मात्र आपलीच.

म्हणून आमच्याकडे एक शाळेची दोनशे पानी वही आहे. सकाळी वहिनी स्वयंपाक संपवतात तेव्हा मी त्यांच्याजवळ बसून प्रत्येक डिशमध्ये आज काय पडलं ते लिहून घेतो. भाजीत गालमो पडला का, वाटण कुठल्या मिक्सरमध्ये झालं, पापड कुठल्या कढईत, आज तेल कधी बदललं. पाच मिनिटं लागतात. दुपारी काही बदललं, म्हणजे भाजी संपून दुसरी झाली, तर त्याच ओळीखाली वेळ घालून लिहायचं. गिऱ्हाइकानं विचारलं की वही उघडायची. वहीत नसेल तर वहिनींना विचारायचं. त्याही नसतील तर तिसरं उत्तर. वाढपी पोराला आम्ही एकच वाक्य पाठ करून दिलं आहे: "ॲलर्जी आहे का? थांबा, मालकांना बोलावतो." त्यानं याहून पुढे एक शब्दही बोलायचा नाही, होकाराचा नाही की नकाराचाही नाही.

इतकं करूनही चूक होऊ शकते, म्हणून चूक झाली हे ओळखता आलं पाहिजे. त्रास बहुधा काही मिनिटांत सुरू होतो, कधी दोन तासांपर्यंतही. तोंडात, ओठांवर खाज, अंगावर लाल गांधी, ओठ-डोळे सुजणं, उलटी. इथपर्यंत गिऱ्हाईक स्वतः सांगतं. घसा आवळल्यासारखा वाटणं, आवाज बदलणं, शिट्टीसारखा श्वास, चक्कर, माणूस फिका पडून गळून जाणं, किंवा लहान मूल अचानक अगदी सुस्त होणं, यातलं काही दिसलं की वाट बघायची नाही. लगेच 108 लावायचा आणि "खाण्याची तीव्र ॲलर्जी, श्वासाला त्रास" असं स्पष्ट सांगायचं. त्या माणसाजवळ ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन असेल, परदेशी पाहुण्यांकडे ते पेनसारखं असतं, तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला लगेच घ्यायला मदत करायची. चक्कर येत असेल तर आडवं झोपवून पाय उंच करायचे. श्वासाला त्रास असेल तर बसू द्यायचं. उठून चालायला लावायचं नाही, "गाडीपर्यंत चला" असंही नाही. खाजेच्या गोळीनं गांधी उतरतात, पण घसा उघडत नाही, म्हणून गोळी दिली म्हणजे भागलं असं समजायचं नाही. बरं वाटलं तरी रुग्णालयात जावंच लागतं, कारण काही तासांनी त्रास परत उलटू शकतो.

आणि डॉक्टरांसाठी ताटात काय होतं ते खरं सांगायचं. अशा वेळी मालकाच्या मनात येतं की पोलीस येतील, नाव खराब होईल, "आमच्याकडे सुंगटं नव्हतीच" म्हणावं. त्या एका वाक्यानं उपचाराला उशीर होऊ शकतो. वही तेव्हाही उपयोगी पडते.

त्या मे महिन्यातल्या दुपारी पोरानं "चालेल" म्हटल्याचं मी ऐकलं आणि लगेच टेबलाजवळ गेलो. मी म्हणालो, "ताई, आमच्या पोरानं चुकीचं सांगितलं. बांगड्यात सुंगटं नाहीत, पण तो त्याच रव्यात आणि त्याच तव्यावर तळलेला आहे. तो देऊ नका. हुमणही नको, पापडही नको, किसमूर तर नाहीच." आईनं विचारलं, "मग काय देऊ शकाल?" मी वही पाहिली. शीत सकाळी वेगळ्या टोपात झालं होतं आणि त्याला सुंगटाचा हात लागला नव्हता. बांगडा नव्यानं तळून द्यायचा तर बर्फाच्या पेटीत सगळी मासळी एकत्र होती, म्हणून तो नाही. अंडी चालतात का ते विचारलं, चालत होती. सीलबंद दह्याचा डबा फ्रीजमध्ये होता, घरची केळी होती.

वहिनींनी हात धुतले, निळ्या दोऱ्याचा पॅन खाली काढला आणि नवी तेलाची पिशवी फोडून दोन अंड्यांचं आमलेट केलं. मुलाला शीत, दही, आमलेट आणि केळं असं जेवण गेलं. आईनं पॅन बघायला मागितला, मी तिला आत नेलं. ती पॅनपेक्षा मोठ्या तव्याकडेच जास्त वेळ बघत होती. तव्याच्या कडेला तळलेल्या रव्याचे कण होते आणि त्यात सुंगटाचं एक तांबडं शेपूट दिसत होतं.